तंबोऱ्याचा खर्ज बोलेना : पितळी तार लावली तरी सैलच का?

कृष्णाकाठ

मंडळी, सांगलीहून लिहितोय. मुलगी गाणं शिकते, काळी चारमध्ये गाते. तिच्यासाठी पाच वर्षांपूर्वी मिरजेहून जनानी तंबोरा आणला. गेल्या आठवड्यात त्याची खर्जाची तार खुंटीजवळ तुटली. घरात जोडीच्या तारांसाठी ठेवलेली स्टीलची 30 नंबरची तार होती, ती लावली. खर्जात उतरवली तर चक्क लोंबायला लागली. छेडली की घोडीवर नुसती फडफडते, सूर असा नाहीच. गाण्याच्या बाई म्हणाल्या, "अहो, खर्जाला पितळी तार लागते, जाड." म्हणून दुकानात जाऊन पितळी तार मागितली. जाड हवी म्हणून मुद्दाम 30 पेक्षा मोठा नंबर सांगितला, 32. ती लावली, तर ही पहिलीपेक्षाही सैल!

चारही तारा एकाच लांबीच्या, एकाच घोडीवरून जातात. मग पितळी असूनही ही तार खर्जात उभी का राहत नाही? आणि मुळात जाड तार खाली का बोलते? बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या "तसंच असतं".

रियाझ_अर्धवट

काळी चारला खर्ज म्हणजे मंद्रातला सा. तुम्ही चुकून खर्जाच्याही खालचा सा लावताय का? ॲपवर बघून लावा. नाहीतर सरळ इलेक्ट्रॉनिक तंबोरा घ्या, तारा तुटायची भानगडच नाही.

कृष्णाकाठ

सूर बरोबरच लावतोय हो. सूर येतो, पण तार त्या सुरावर मेल्यासारखी पडलेली असते. प्रश्न तो आहे.

वाईकर_बापू

सोपं आहे. खर्ज म्हणजेच सैल तार. सैल सोडली की सूर खाली, आवळली की वर. जाडीचा संबंध एवढाच, की जाड तार लवकर तुटत नाही आणि आवाज भरीव येतो. तुम्ही खुंटीने थोडी आवळा आणि खालचा मणी मागेपुढे सरकवून तारेची लांबी जुळवा, म्हणजे सुरात बसेल. आमच्याकडे वडिलांचा तंबोरा होता, मी लहानपणापासून हेच बघत आलोय.

मिरजेची_सून

बापू, रागावू नका, पण मण्याने लांबी बदलत नाही. तार बोलते ती घोडीपासून वरच्या अटीपर्यंत, तेवढीच. मणी असतो घोडीच्या अलीकडे, लंगोटाच्या बाजूला. तो खाली सरकवला की तबलीच्या उताराने तार जरा जास्त ताणली जाते, म्हणजे बदलते ती ओढ. म्हणून मण्याने केसभर सूर हलतो, पुरा स्वर हलवायचा तर खुंटीलाच हात घालावा लागतो.

कृष्णाकाठ, तुमच्या गोंधळाचं मूळ नंबरात आहे. तारेचा नंबर वाढला की तार बारीक होते! 32 ही 30 पेक्षा बारीक. नव्या माणसाचं इथे हमखास चुकतं. आमच्या घरी जनानी तंबोऱ्याला काळी चारसाठी जोडीला स्टील 30 आणि खर्जाला पितळ 26 लावतात. तुटलेली तार टाकली नसेल तर एक करा. पेन्सिलीवर तिचे वीस वेढे एकाला एक चिकटवून घ्या आणि पट्टीने रुंदी मोजा. मग नव्या तारेचं तसंच करा. डोळ्याला जाडी फसवते, वेढे फसवत नाहीत.

कृष्णाकाठ

केलं. जुन्या तुटक्या तारेचे वीस वेढे 9 मिलिमीटर, किंचित जास्तच. नवी पितळी साडेपाच. स्टीलची सव्वासहा. म्हणजे मी "जाड" म्हणून आणलेली पितळी तार स्टीलच्या तारेपेक्षाही बारीक निघाली! बायको अजून हसतेय.

पण शंका राहतेच. बारीक असली तरी पितळच आहे ना? पितळ स्टीलपेक्षा जड. मग ती स्टीलपेक्षा सैल का?

सोनोमीटर

साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, त्यामुळे या धाग्यावर हात शिवशिवतात.

पितळ जड हे खरं, पण स्टीलपेक्षा जेमतेम आठ टक्के जड. जाडीपुढे ते काहीच नाही, कारण जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं. तारेला सूर देताना ती पितळाची की स्टीलची हे कळतच नाही. तिला कळतं ते एका मीटरमागे आपलं वजन किती. तुम्ही सांगलीत आहात, ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तिन्ही तारांचे मीटर-मीटरचे तुकडे टाकून बघा.

तोवर मुळाशी जाऊ. विहिरीवरचा लांब नाडा एका टोकाला बांधा, दुसरं टोक हातात धरून झटका द्या. एक उंचवटा नाड्यावरून पळत जातो, बांधलेल्या टोकाला आपटून परत येतो. तंबोऱ्याची तार छेडली की हेच होतं, फक्त डोळ्याला दिसत नाही. उंचवट्याची एक जा-ये म्हणजे तारेचं एक कंपन. सेकंदाला जितक्या फेऱ्या, तितका सूर वर. आता नाडा लांब असला तर फेरीला वेळ जास्त. नाडा ताणला तर उंचवटा वेगाने पळतो. आणि नाडा भिजून जड झाला की तोच उंचवटा रेंगाळतो, कारण तेवढ्याच ओढीला जास्त वजन हलवायचं असतं. जाड तार खाली बोलते ती एवढ्याचसाठी. ती आळशी आहे, सैल नाही.

तुमच्या तंबोऱ्यात अटीपासून घोडीपर्यंत अंतर किती?

कृष्णाकाठ

90 सेंटिमीटर. तुकडे घेऊन उद्या सराफाकडे जातो. ओळखीचाच आहे, वेड्यात काढेल फार तर.

जतकर

आमच्याकडं चौंडकं असतंय. जोगत्यांच्या हातात बघितलं असंल. लाकडी नळकांडं, एका बाजूनं कातडं, त्यातनं तार बाहेर काढलेली. तार वाजवायची आन् दुसऱ्या हातानं मूठ ओढायची. ओढली की सूर वर, सोडली की खाली, असा 'ट्यांव ट्यांव' बोलतंय. त्यात तारेची लांबीबी फारशी बदलत न्हाई आन् जाडीबी न्हाई. मग बापूंचं खरंच की, सैल तीच खाली.

वाईकर_बापू

घ्या! जतकरांनी पुरावाच दिला.

सोनोमीटर

जतकर, चौंडक्याचं उदाहरण झकास. तिथे तार तीच राहते आणि ओढ बदलते, म्हणून सैल ती खाली हे शंभर टक्के खरं. तंबोऱ्यात मात्र आपल्याला तार निवडायची मुभा आहे. खाली जायला दोन वाटा आहेत. एक, तीच तार सैल सोडायची. दुसरी, ओढ चांगली ठेवून वजनदार तार घ्यायची. बापूंना पहिली वाट दिसली, दुसरी नाही. आणि पहिली वाट किती महाग पडते ते बघा. सूर एक सप्तक खाली न्यायचा तर ओढ निम्मी करून भागत नाही, पाव करावी लागते.

वाईकर_बापू

पाव कशी? निम्मा सूर, निम्मी ओढ. हिशोब सरळ आहे.

सोनोमीटर

सोनोमीटरवर हा हिशोब मी दरवर्षी पोरांकडून मोडून घ्यायचो. तारेला 1 किलोचं वजन टांगून सूर ऐकवायचा. मग विचारायचं, वरचा सा हवा तर किती वजन? सगळी ओरडायची "दोन किलो". दोन किलो टांगले की तार तीव्र मध्यमाच्या आसपास जाऊन थांबते. पंचमाला सव्वादोन किलो लागतात. वरचा सा मिळतो तो 4 किलोला. ज्याच्या कानाला सूर कळतो त्या पोराला हे सूत्रापेक्षा आधी पटायचं. कागदावर ते असं दिसतं:

`f = (1/2L) × √(T/μ)`

यात `L` म्हणजे घोडी ते अटी अंतर, `T` ओढ आणि `μ` म्हणजे मीटरमागे वजन. ओढ आणि वजन वर्गमुळाच्या आत अडकलेत म्हणून चौपटीची भाषा येते. लांबी बाहेर आहे, तिथे दुपटीत काम होतं. तार मधोमध दाबा, वरचा सा तयार.

कृष्णाकाठ

सराफाकडे जाऊन आलो. एक-एक मीटर तुकड्यांचं वजन:

जुनी तुटकी पितळी : 1.39 ग्रॅम
स्टील 30 : 0.61 ग्रॅम
नवी पितळी 32 : 0.50 ग्रॅम

सराफ म्हणाला, सोनं असतं तर आणखी दोन दशांश स्थळं मोजून दिली असती.

आता हे आकडे घेऊन करू काय?

सोनोमीटर

वा! आता मांडू. काळी चारचा सा सेकंदाला सुमारे 208 कंपनांचा, खर्ज त्याच्या निम्मा, 104. तुमची तार 90 सेंटिमीटर, म्हणजे जा-ये 1.8 मीटर. जोडीच्या तारेतला उंचवटा सेकंदाला 208 फेऱ्या करतो म्हणजे जवळजवळ 374 मीटर पळतो. हवेतल्या आवाजापेक्षाही जास्त वेग! खर्जात तोच वेग 187 हवा.

हा वेग मिळायला किती ओढ लागते ते वरच्याच सूत्रातून निघतं. उत्तर किलोत देतो, म्हणजे तारेला तेवढं वजन टांगलंय असं समजा. जोडीची स्टील 30 तार 208 ला बोलते तेव्हा ओढ जवळपास पावणेनऊ किलो. तीच तार तुम्ही खर्जाला लावलीत तेव्हा ती 2.2 किलोवर आली, म्हणून लोंबली. मग पितळ 32 लावलीत, ती आणखी हलकी, ती 1.8 किलोवर. म्हणून "पहिलीपेक्षाही सैल". तुमचा हात बरोबर सांगत होता. आणि जुनी, म्हणजे 26 नंबर, खर्जात पाच किलोच्या आसपास उभी राहत होती.

धातूचा प्रश्नही इथेच सुटला. 32 नंबर पितळ असूनही मीटरमागे स्टील 30 पेक्षा हलकी आहे. पितळेने आठ टक्के दिले आणि बारीकपणाने पाव काढून घेतलं.

मिरजेची_सून

हाताची भाषा सांगते. सासरे तार लावून झाली की सूर ऐकायच्या आधी मधोमध बोटाने दाबून बघतात. चारही तारा बोटाला साधारण एका जातीच्या लागल्या पाहिजेत. एखादी लोण्यासारखी दबली तर ते म्हणतात, "हिचा नंबर चुकला." खर्ज जोडीपेक्षा जरा मऊ लागतो, ते चालतं. पण दोन किलोवरची तार जवारीवर टिकतच नाही. घोडीच्या माथ्याला तार हलके टेकत-सुटत राहिली तर झंकार येतो. सैल तारेचा झोका एवढा मोठा होतो की ती माथ्यावर आपटते. कृष्णाकाठ म्हणतात ती फडफड हीच. लोक मग जवारी बिघडली म्हणून तंबोरा घेऊन येतात, घोडी घासून मागतात. चुकीच्या तारेपायी चांगली घोडी घासून बसू नका.

पंचमाचंही सांगते. जनानी तंबोऱ्यात पहिली तार, पंचमाची, आम्ही स्टीलचीच लावतो, जोडीच्याच नंबरची. तिथे पितळ लागत नाही. मर्दानी तंबोऱ्यात मात्र पंचमालाही पितळ किंवा ब्राँझ.

सोनोमीटर

हे मस्त जुळतंय. जनानी तंबोऱ्यात मंद्र पंचम म्हणजे साच्या पाऊण पट कंपनं. पाऊणचा वर्ग करा, नऊ सोळांश. पावणेनऊ किलोचे नऊ सोळांश म्हणजे पाच किलोच्या जरा खाली. म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या बोटाला पंचमाची स्टील आणि खर्जाचं 26 नंबर पितळ जवळजवळ सारखंच लागत असणार.

मिरजेची_सून

सारखंच लागतं! विचारलं आत्ता. ते म्हणाले, "हे सांगायला कॉलेज कशाला?"

गिटार_विटा

मी गिटार वाजवतो. मला एक कळलं नाही. वजनच हवंय तर खर्जाला स्टीलचीच जाड तार का नाही? सोनोमीटर सरांच्या हिशोबाने दुप्पट जाडीची स्टील लावली तर वजन चौपट, म्हणजे जोडीइतक्याच ओढीवर बरोबर एक सप्तक खाली. पितळेचं एवढं कौतुक कशाला? आणि आमच्या गिटारच्या खालच्या तारांवर गुंडाळलेली तार असते, तीही याचसाठी का?

सोनोमीटर

हिशोब अगदी बरोबर. 0.63 मिलिमीटरची स्टील लावलीत तर सूर तिथेच येईल. पण सूत्र एक गोष्ट गृहीत धरतं, की तार दोऱ्यासारखी मऊ आहे. खरी तार थोडी सळईही असते. वाकायला नकार देणं हा गुण जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट, तर ताठरपणा सोळापट. शिवाय स्टील हे पितळेच्या साधारण दुप्पट ताठ.

ताठरपणाने मूळ सूर फारसा बिघडत नाही. बिघडतात ते त्यातून निघणारे वरचे सूर. चांगल्या तारेत ते मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे नेमके येतात. ताठ तारेत वर जावं तसे ते चढे होत जातात. मी तुमच्या लांबीवर हिशोब केला. जाड स्टीलमध्ये दहावा स्वरांश जवळपास एक टक्का चढा निघतो, 26 नंबर पितळेत पाव टक्का. गिटारवर एक टक्का कदाचित खपून जाईल. तंबोऱ्याचं सगळं सौंदर्यच त्या वरच्या स्वरांशांत आहे, जवारी त्यांनाच उचलून धरते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली तंबोऱ्याच्या घोडीवर लिहिलं ते याच नवलापोटी, की या घोडीवर एरवी न ऐकू येणारे स्वरांशही बोलतात.

गुंडाळलेल्या तारेची युक्ती हीच. आत बारीक तार, ती मऊ राहते. बाहेरचं वेटोळं फक्त ओझं वाहतं, ताण घेत नाही. वजन मिळालं, ताठरपणा मिळाला नाही.

मिरजेची_सून

आमच्या भाषेत जाड स्टील "सळई बोलते". खर्ज ऐकल्यावर पोटात काही उतरत नाही, वर नुसता पत्रा वाजतो. एका गिऱ्हाइकाने हट्टाने लावून घेतली होती, आठ दिवसांनी परत आलं.

वाईकर_बापू

मग उलट विचारतो. पितळ एवढं गोड, तर जोडीच्या तारांनाही पितळच लावा. तुटेल म्हणाल तर जाड लावा, जाड तार तुटत नाही हे तरी मान्य कराल की नाही?

सोनोमीटर

बापू, हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि यालाच माझ्याकडची पोरं सगळ्यात जास्त फसायची.

जाड तार जास्त ओढ सहन करते, बरोबर. दुप्पट जाड तार चौपट ओढ सहन करते. पण तोच सूर काढायला तिला ओढही चौपटच लागते, कारण वजन चौपट झालंय. फायदा शून्य. ठरावीक लांबीवर एखाद्या धातूची तार कोणत्या सुराला तुटेल हे जाडीवर ठरतच नाही. ते ठरतं धातूचा चिवटपणा आणि त्याचं जडपण यांच्या गुणोत्तरावर.

तुमची पितळ 26 जोडीच्या साला न्यायची तर पाच किलोची चौपट, वीस किलो ओढ लागेल. चांगली कसलेली पितळी तारही पंधरा किलोच्या आसपास जीव सोडते. 22 नंबरची लावा, 30 नंबरची लावा, 90 सेंटिमीटरवर ती त्याच सुराच्या आसपास तुटेल, काळी चारच्या बरीच अलीकडे. स्टीलची तार पितळेच्या दुपटीहून जास्त चिवट आणि वजनाने किंचित हलकी, म्हणून ती तिथे आरामात उभी राहते. तिलाही मर्यादा आहे. जोडीची स्टील वरच्या साला न्यायला 35 किलो लागतील, ती निम्म्या वाटेवरच तुटेल.

म्हणून जोड स्टीलची आणि खर्ज पितळेचा ही नुसती परंपरा नाही. वरच्या सुराला चिवट धातू लागतो, खालच्या सुराला मऊ आणि जड.

वाईकर_बापू

हिशोब कागदावर ठीक. पण आमच्या वडिलांच्या तंबोऱ्याला चारही तारा पिवळ्या होत्या, मी डोळ्याने पाहिल्यात.

मिरजेची_सून

मर्दानी तंबोरा असेल ना बापू? पट्टी कोणती होती? मर्दानी काळी एकला लावतात, तिथे सूर बराच खाली असतो. सासरे म्हणतात पितळेची जोड त्यांनी कधी लावलेली नाही, पण पितळेपेक्षा चिवट पिवळी तारही मिळते, दिसायला तशीच. तंबोरा समोर असता तर सांगितलं असतं.

वाईकर_बापू

तंबोरा विकला हो केव्हाच. पट्टी कुणास ठाऊक. वडील खड्या आवाजाचे होते एवढं आठवतं.

कृष्णाकाठ

मंडळी, 26 नंबर पितळ मिळाली. या वेळी नंबर न सांगता जुना तुकडाच दुकानदाराच्या हातात दिला आणि तिथेच पेन्सिलीवर वेढे घेतले. लावली आणि पहिल्याच छेडीला खर्ज असा भरला की मुलगी आतून पळत आली. दोरा सरकवून जवारीही जमली. बोटाने दाबून बघितलं, पंचम आणि खर्ज खरंच एका जातीचे लागतात.

एकच तक्रार. सकाळी लावला की दुपारपर्यंत खर्ज उतरतो. जोड फारशी हलत नाही, उतरतो तो खर्जच. आमची खोली पत्र्याखाली आहे, दुपारी तापते.

सोनोमीटर

ऊन हेच कारण. तारेत ओढ असते ती ती ताणली गेली आहे म्हणून. तुमची जोडीची स्टील सुमारे 5 मिलिमीटर ताणलेली आहे, खर्जाची पितळ जेमतेम पावणेतीन. खोली दहा अंशांनी तापली की स्टीलची तार एक दशांश मिलिमीटर लांबते, पितळेची जवळजवळ त्याच्या पावणेदोन पट. ज्याच्याकडे शिल्लक कमी त्याचाच खर्च जास्त. स्टीलची ओढ दोन टक्क्यांनी घटते, पितळेची सहा टक्क्यांनी. कानाला ते कळणारच.

मिरजेची_सून

सर, हिशोब तुमचा, पण नवी तार आहे हे विसरताय. नवी पितळ पहिले चार-आठ दिवस बसतच असते. खुंटीवरचे वेढे आवळतात, लंगोटाकडचा पीळ सरकतो. जोडीच्या तारा पाच वर्षांच्या मुरलेल्या, त्या कशाला हलतील? शिवाय दांडी लाकडाची आहे, पावसाळ्यात वेगळी वागते, उन्हाळ्यात वेगळी. आमच्याकडे नवी तार लावली की ती हाताने दोन-तीनदा हळूच उचलून ताणतात, मग पुन्हा सुरात घेतात. कृष्णाकाठ, तसं करा आणि पंधरा दिवसांनी सांगा.

सोनोमीटर

नव्या तारेचं मान्य. पण नवी तार नुसती उतरत जाते, परत चढत नाही. कृष्णाकाठ, रात्री खोली निवल्यावर खुंटीला हात न लावता खर्ज ऐका. आपोआप वर आला असेल तर ऊन, नसेल तर ताई म्हणतात ते.

कृष्णाकाठ

काल रात्री ऐकला. थोडा वर आला होता, पण सकाळच्या जागेवर नव्हता.

मिरजेची_सून

म्हणजे दोघांचंही थोडं थोडं. पंधरा दिवस थांबा म्हटलं ना.

गिटार_विटा

मी आज एका पितळी तारेचे आणि गिटारच्या पाचव्या तारेचे तुकडे सराफाकडे घेऊन गेलो. त्याने विचारलं, "मोडीत काढायचंय का?"

जतकर

सर, आमच्या चौंडक्याची तार बदलायची हाय. कंच्या नंबरची घेऊ?

मिरजेची_सून

जुनी कशाची होती? धातूची असेल तर पेन्सिलीवर वेढे घ्या. तात असेल तर तिला नंबर नसतो, तुकडा घेऊन सराफाकडेच जावं लागेल.

जतकर

तातच हाय. सराफ दारात उभं करंल का?